31 मार्चच्या एंट्री: आधी जुन्या तरतुदी उलटवा, मग नव्या टाका

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, भागीदारी फर्म, 14 कामगार. फाउंड्रीवाल्यांचं कास्टिंग घेऊन मशीनिंग करून देतो. 31 मार्च 2026 चा ट्रायल बॅलन्स टॅलीत तयार आहे, नफा 9,60,000 दिसतो. सीए म्हणतात, आऊटस्टँडिंग, प्रीपेड आणि प्रोव्हिजनच्या एंट्री टाकून मगच फाइल पाठवा. मागच्या वर्षीच्या तरतुदी खात्यावर तशाच आहेत: लाईट बिल 72,000, पगार 36,000, बोनस 1,52,000, इतर 24,000. प्रीपेड इन्शुरन्सही 19,800 दिसतो. कुठून सुरुवात करू आणि कोणती रक्कम कशी काढू?

उत्तर:

सुरुवात नव्या एंट्रीपासून करू नका. तुमच्या ट्रायल बॅलन्समध्ये मागच्या वर्षीच्या 2,84,000 च्या तरतुदी बसून आहेत, याचा अर्थ तो खर्च दोनदा पडलेला आहे. 31 मार्च 2025 ला लाईट बिलाचे 72,000 खर्च म्हणून लिहिले आणि देणे दाखवले. एप्रिलमध्ये महावितरणचं बिल आल्यावर ते पूर्णच्या पूर्ण पुन्हा लाईट बिल खात्याला नावे पडलं. देणं मात्र कुणी मिटवलं नाही. पगाराचं तसंच. बोनस ऑक्टोबर 2025 मध्ये दिवाळीला वाटला तेव्हा बोनस खर्चाला नावे टाकला असणार, पण तो बोनस मागच्या वर्षीच्या कामाचा होता आणि त्याचा खर्च मागच्याच वर्षी धरून झाला होता.

म्हणून पहिली एंट्री जुन्या हिशेबाची. लाईट बिल तरतूद नावे 72,000, लाईट बिल खर्च जमा 72,000. पगार तरतूद नावे 36,000, पगार खर्च जमा 36,000. बोनस तरतूद नावे 1,52,000, बोनस खर्च जमा 1,52,000. दिवाळीला प्रत्यक्ष 1,58,000 वाटले असतील तर बोनस खर्चात 6,000 शिल्लक राहतात. ते तसेच राहू द्या. अंदाज थोडा कमी पडला, त्याचा फरक चालू वर्षात येतो आणि त्यात चूक काही नाही.

‘इतर 24,000’ चं काय करायचं हे त्याचा मूळ तपशील बघितल्याशिवाय ठरत नाही. मार्च 2025 च्या व्हाउचरचं नॅरेशन बघा, नंतर एप्रिल-मे 2025 चे टेम्पो भाडं, हीट ट्रीटमेंट, टूल री-शार्पनिंगचे खर्च तपासा. बहुतेक वेळा त्यातलंच एखादं बिल तेवढ्याच्या आसपास सापडतं. सापडलं तर ते खर्च खातं जमा करा. काहीच सापडलं नाही आणि कुणी मागतही नसेल तर ‘जुनी तरतूद परत’ म्हणून उत्पन्नात घ्या. दोन्ही प्रकारे नफा 24,000 ने वाढतो, फक्त ओळ वेगळी. पुढच्या वर्षासाठी एक सोपा नियम ठेवा: ‘इतर तरतूद’ नावाचं खातंच उघडायचं नाही. प्रत्येक बाबीचं स्वतंत्र लेजर, आणि नॅरेशनमध्ये कालावधी.

प्रीपेड इन्शुरन्सची गोष्ट उलट दिशेची. मागच्या वर्षी 19,800 पुढं ढकलले होते, ते या वर्षाचा खर्च आहेत. एंट्री: इन्शुरन्स खर्च नावे 19,800, प्रीपेड इन्शुरन्स जमा 19,800. ही राहिली तर नफा फुगतो. जुन्या तरतुदी राहिल्या तर नफा घटतो.

या साफसफाईनंतर तुमचा नफा 9,60,000 चा 12,24,200 होतो. आता नव्या वर्षाकडं वळू.

प्रीपेड: पैसे गेले, सेवा बाकी

तिन्हींमध्ये हे सगळ्यात सरळ, कारण रक्कम बिलावर छापलेली असते, फक्त दिवस मोजायचे. महिन्यांत मोजू नका, दिवसांत मोजा. ऑडिटरने पुन्हा मोजलं तरी तोच आकडा निघतो. रकमा उदाहरणादाखल धरतो. फॅक्टरीची पॉलिसी 1 नोव्हेंबर 2025 ते 31 ऑक्टोबर 2026, प्रीमियम जीएसटी सोडून 36,500. दिवसाला 100 रुपये. 31 मार्चपर्यंत 151 दिवस वापरले, 214 उरले. प्रीपेड 21,400. व्हीएमसी मशीनचं एएमसी 15 जानेवारी 2026 ते 14 जानेवारी 2027, जीएसटी सोडून 73,000, दिवसाला 200. मार्चअखेर 76 दिवस झाले, 289 उरले. प्रीपेड 57,800.

जीएसटी सोडून का? तुम्ही त्या बिलाचं इनपुट क्रेडिट आधीच पूर्ण घेतलेलं आहे. कर तुमच्या खर्चात आलेलाच नाही, मग तो पुढं ढकलायचा प्रश्न येत नाही. जिथं क्रेडिट मिळत नाही, उदाहरणार्थ भागीदाराच्या वापरातल्या कारचा इन्शुरन्स, तिथं जीएसटीसह रकमेवर हिशेब करा, कारण तिथं कर हाच खर्च झालेला असतो.

दोन गोष्टी प्रीपेडमध्ये चुकून घुसतात. एक म्हणजे महावितरणकडची सुरक्षा ठेव. ती परत मिळणारी ठेव आहे, कालावधीनुसार संपणारा खर्च नाही. त्यावर महावितरण बिलातून व्याज देतं. त्याचं मार्चपर्यंतचं येणं मात्र उत्पन्नात धरायचं. दुसरी म्हणजे टूलिंगवाल्याला दिलेला ॲडव्हान्स. माल आलेला नाही, तो पुरवठादाराकडून येणं आहे. आणि 1,500 रुपयांच्या अँटिव्हायरसचे दिवस मोजत बसू नका. 5,000 खालच्या बाबी सोडायच्या असं ठरवा, पण दरवर्षी तोच आकडा पाळा.

आऊटस्टँडिंग: काम घेतलं, बिल यायचंय

हे खर्च लेजरमध्ये सापडत नाहीत, कारण ते तिथं अजून नाहीतच. ते सापडतात एप्रिल ते जूनच्या बिलांत. त्या तीन महिन्यांची खरेदी नोंद आणि बँक पासबुक घेऊन बसा आणि प्रत्येक बिलावर तारीख नव्हे, कामाचा कालावधी बघा. 6 एप्रिलचं टेम्पोचं बिल असतं आणि आत 22 ते 30 मार्चच्या फेऱ्या असतात. ते मार्चचं. बिलावरचा जीएसटी मात्र तरतुदीत घेऊ नका. क्रेडिट बिल आल्यावरच मिळणार, म्हणून मार्चला फक्त मूळ रक्कम.

लाईट बिल यातला सगळ्यात मोठा आकडा, म्हणून तो नीट काढू. समजा तुमचं रीडिंग दर महिन्याच्या 12 तारखेला होतं. वहीत शेवटचं बिल 12 मार्चपर्यंतचं आहे. पुढचं बिल 12 एप्रिलच्या रीडिंगचं, 31 दिवसांचं, 1,24,000 चं आलं. सोपा मार्ग म्हणजे 19 दिवसांचा भाग: 1,24,000 × 19 ÷ 31 = 76,000. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फाउंड्रीवाले डिस्पॅचसाठी मागं लागलेले असतात, तुम्ही दोन शिफ्ट चालवता, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मशीन निवांत असतात. मग दिवसांच्या प्रमाणात वाटणी केली की मार्चचा खर्च कमी पडतो. त्यापेक्षा 31 मार्चला संध्याकाळी मीटरचा फोटो काढून ठेवा. त्या दिवसापर्यंत 8,150 युनिट झाले आणि पूर्ण बिल 12,400 युनिटचं असेल, तर बिलाचे दोन भाग करा. स्थिर आणि डिमांड आकार 24,800, तो दिवसांनुसार: 15,200. उरलेले 99,200 युनिटनुसार, म्हणजे सरासरी 8 रुपये युनिट: 65,200. एकूण 80,400. दिवसांच्या हिशेबापेक्षा 4,400 जास्त, आणि हा आकडा खरा.

या वर्षीचा फोटो काढला नसेल तर उत्पादन रजिस्टरमधले मशीन-तास वापरा. तेही नसेल तर दिवसांचा हिशेब चालतो, पण कागदावर पद्धत लिहून ठेवा.

लाईट बिल बरोबर झालं का हे तपासायचं तर खातं महिन्यावार उघडा. जुनी तरतूद उलटवून आणि नवी टाकून खात्यात 1 एप्रिल ते 31 मार्च असे नेमके बारा महिने आले पाहिजेत. साडेबारा दिसले तर मागच्या वर्षीची तरतूद उलटवायची राहिली. मागच्या वर्षी तरतूदच केली नव्हती आणि यंदा सुरू करताय, तरी बारापेक्षा जास्त येतात. तेव्हा जादा दिवसांची रक्कम मागील वर्षाचा खर्च म्हणून वेगळी दाखवावी लागते. कर लेखापरीक्षण असेल तर ती 3सीडी फॉर्मच्या कलम 27(ब) मध्ये जाते आणि यंदाच्या करपात्र नफ्यातून सहसा वजा मिळत नाही.

पगाराचा सापळा हजेरीच्या चक्रात आहे. एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी हजेरी 26 ते 25 धरतात, म्हणजे मार्चचं पगारपत्रक 26 फेब्रुवारी ते 25 मार्चचं. ते लागलं की मालक समजतो मार्चचा पगार झाला. पण 26 ते 31 मार्च हे सहा दिवस एप्रिलच्या पत्रकात जातात. मागच्या वर्षीची तुमची 36,000 ची तरतूद याचीच असावी. यंदा मस्टरवरून साप्ताहिक सुट्टी वगळून आणि ओव्हरटाइम धरून मोजा. 40,000 निघाले तर मालकाचा ईएसआय 3.25 टक्के, 1,300, तोही लावा. एकूण 41,300. कामगाराच्या पगारातून कापलेला 0.75 टक्के ही वेगळी गोष्ट: तो तुमचा खर्च नाही, पण त्या महिन्याच्या ईएसआयच्या मुदतीत, म्हणजे पुढच्या 15 तारखेपर्यंत, भरला नाही तर आयकरात तुमचं उत्पन्न धरला जातो आणि पुढं कधी वजा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे पक्कं केलं आहे. मालकाच्या हिश्श्याला रिटर्नच्या तारखेपर्यंत सवलत आहे, कामगाराच्या हिश्श्याला नाही.

कर्जावरचं व्याज: बँकेचं सीसी खातं असेल तर बँक मार्चअखेरचं व्याज स्वतः टाकते, तिथं काही करायचं नाही. मशीनचं कर्ज वित्त कंपनीचं असेल आणि हप्ता 10 तारखेला असेल तर 11 ते 31 मार्च अशा 21 दिवसांचं व्याज राहतं. शिल्लक मुद्दल 12 लाख, दर 10.95 टक्के धरला तर दिवसाला 360, एकूण 7,560.

ऑडिट फीवर थोडं थांबावं लागेल. काटेकोर पाहिलं तर ऑडिट एप्रिलनंतर होतं, मग सेवा मार्चला घेतली कुठं? तरीही ज्या वर्षाचं ऑडिट त्याच वर्षात फी धरायची हा रिवाज आपल्याकडं सर्वत्र आहे. दरवर्षी तसंच करत असाल तर बदलू नका. खरी अडचण टीडीएसची. समजा ऑडिट फी 30,000. एकटी पाहिली तर कलम 194जे च्या 50,000 या मर्यादेत आहे (1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 30,000 वरून 50,000 झाली). पण त्याच सीएंना जीएसटी रिटर्नचे महिना 3,000 प्रमाणे वर्षभरात 36,000 दिले आहेत. एकूण 66,000 झाले, मर्यादा ओलांडली, आणि टीडीएस पूर्ण 66,000 वर 10 टक्के, म्हणजे 6,600. ‘तरतूदच तर आहे, बिल आल्यावर कापू’ हे चालत नाही. खात्याचं नाव काहीही ठेवलं तरी रक्कम जमा केली की कपात करावी लागते.

एंट्री अशी: ऑडिट फी खर्च नावे 30,000, टीडीएस देणे जमा 6,600, ऑडिट फी तरतूद जमा 23,400. पुढं बिल 35,400 चं येईल, त्यात जीएसटी 5,400. तेव्हा तरतूद नावे 23,400, जीएसटी इनपुट नावे 5,400, सीएंचं खातं जमा 28,800. एवढाच चेक द्यायचा. मार्चमध्ये जमा केलेल्या रकमेचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत भरायचा असतो, पण लहान फर्म ही एंट्री जुलै-ऑगस्टमध्ये 31 मार्चच्या तारखेनं टाकतात आणि व्याज लागतं. कापलाच नाही तर खर्चाचे 30 टक्के आयकरात नामंजूर होतात.

तरतूद: देणं आहे, आकडा अंदाजाचा

इथं लोक सगळ्यात जास्त हात सैल सोडतात. लेखामानक 29 ची कसोटी सोपी आहे: 31 मार्चला, आधी घडलेल्या गोष्टीमुळं, देणं उभं आहे का? पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे का? आकडा विश्वासानं काढता येतो का? जुलैत व्हीएमसीचा स्पिंडल बदलायचा आहे आणि 2 लाख लागणार आहेत, ही तरतूद नाही. तुम्ही मशीन विकून त्या खर्चातून सुटू शकता, म्हणजे 31 मार्चला कुणाचं देणं नाही.

बोनस मात्र तरतूद आहे. कामगारांनी वर्षभर काम केलं, तुम्ही दरवर्षी देता, त्यांनी तो धरलेला असतो. रूढीनं उभं राहिलेलं देणंही या मानकात मोजलं जातं. 14 कामगार, बोनसचा आधार महिना 12,000 धरला तर वर्षाचे 20,16,000; त्याचे 8.33 टक्के 1,67,933. या वर्षी यात एक अडचण आहे. आयकराच्या कलम 43बी प्रमाणे बोनस रिटर्नच्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष दिला तरच त्या वर्षात वजा मिळतो. कर लेखापरीक्षण लागणाऱ्या फर्मची मुदत 31 ऑक्टोबर, बाकीच्यांची त्याच्याही आधी. आणि अधिक महिन्यामुळं 2026 ची दिवाळी उशिरा, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. नेहमीप्रमाणे दिवाळीच्या आठवड्यात बोनस वाटला तर 1,67,933 यंदाच्या करपात्र नफ्यात परत मिळवले जातील आणि पुढच्या वर्षी वजा होतील. ऑक्टोबरअखेर बँकेतून दिला तर हा घोळच नको. कामगारांनाही वसुबारसेच्या आधी मिळालेला चालतो!

तुमच्या धंद्यात दुसरी खरी तरतूद रिजेक्शनची. मार्चमध्ये पाठवलेल्या मालावर फाउंड्रीची डेबिट नोट एप्रिल-मेमध्ये येते. विक्री मार्चची, मग तिची घटही मार्चची. हिशेब जुलैत पक्का होत असेल तर अंदाज करायची गरजच नाही. एप्रिल ते जूनमध्ये आलेल्या नोटा काढा आणि त्यातल्या मार्चच्या चलनाच्या वेगळ्या करा. 31 मार्चला असलेल्या परिस्थितीचा पुरावा नंतर हाती आला तर आकडा दुरुस्त करायचा, हे लेखामानक 4 सांगतं.

पण प्रत्येक नोट आंधळेपणानं मान्य करू नका. समजा अशा नोटा 52,000 च्या आहेत. त्यातले 18,000 असे की मशीनिंग केल्यावर आतले ब्लो होल उघडे पडले. तो दोष कास्टिंगचा, तुमचा नाही. उलट त्या पीसवर झालेलं मशीनिंग तुम्ही मागू शकता. उरलेले 34,000 बोअर ओव्हरसाइज, खरखरीत फिनिश असे, ते तुमचे. तरतूद 34,000. 18,000 साठी फाउंड्रीच्या क्वालिटीवाल्याशी झालेला पत्रव्यवहार किंवा इन्स्पेक्शन रिपोर्ट फाइलला लावा. फाउंड्री अडून बसली आणि मागच्या नोंदी सांगत असतील की अशा वेळी शेवटी तुम्हीच सोसता, तर तेही धरावे लागतील. वाद खरोखर दोन्हीकडं झुकलेला असेल तर तरतूद नको, टीप पुरे.

बुडीत उधारीची तरतूद शेवटची. एखाद्या पार्टीकडं 1,80,000 चौदा महिने अडकलेत, ती थोडं थोडं देते पण वेळ काढते. निम्मे धरून 90,000 ची तरतूद हा व्यवहारी निर्णय. ताळेबंद त्यानं खरा होतो, पण आयकरात ही तरतूद वजा मिळत नाही. वजावट हवी असेल तर रक्कम त्या पार्टीच्या खात्यातून प्रत्यक्ष राइट ऑफ करावी लागते. तेवढं केलं की पुरे, बुडालं हे सिद्ध करावं लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने टीआरएफ लिमिटेडच्या 2010 च्या निकालात सांगितलं आहे. बुडालेल्या उधारीवर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही, त्याची आशा ठेवू नका.

ग्रॅच्युइटीबद्दल एवढंच: 10 किंवा जास्त कामगार असतील तर ती लागू आहे आणि पाच वर्षं पूर्ण होण्याची वाट न बघता दरवर्षी तरतूद व्हायला हवी. बहुतेक छोट्या फर्म करत नाहीत. तुमचे सीए काय म्हणतात ते विचारा, कारण पहिल्यांदा करताना मागच्या सगळ्या वर्षांचा आकडा एकदम येतो.

आता आकडे जोडून बघू

दाखवलेला नफा 9,60,000
जुन्या तरतुदी उलटवल्या, अधिक 2,84,000
जुना प्रीपेड खर्चात, वजा 19,800
नवे प्रीपेड, अधिक 79,200
लाईट, पगार, व्याज, ऑडिट फी, वजा 1,59,260
बोनस, रिजेक्शन, संशयित उधारी, वजा 2,91,933
पक्का नफा 8,52,207

जुन्या एंट्री न उलटवता फक्त नव्या टाकल्या असत्या तर नफा 5,88,007 दिसला असता. फरक 2,64,200. कागदावर सगळ्या नव्या एंट्री बरोबर असतात, बेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, म्हणून ही चूक कुणाच्या डोळ्यावर येत नाही. ती पकडायची असेल तर तरतुदींच्या प्रत्येक लेजरमध्ये सुरुवातीची बाकी पूर्ण संपून शेवटची बाकी नव्यानं उभी राहिली आहे का, एवढं बघा. सुरुवातीचे 72,000 आणि शेवटी 1,52,400 दिसले की समजायचं, जुन्यावर नवं चढलं.

हे पुढच्या वर्षी होऊ नये म्हणून 31 मार्चची एंट्री टाकतानाच 1 एप्रिल 2026 ची उलटी एंट्रीही टाका, पण सगळ्यांची नाही. लाईट, पगार, व्याज आणि प्रीपेड हे 1 एप्रिलला उलटवायचे, कारण त्यांची पूर्ण बिलं किंवा हप्ते आपोआप खर्चात पडणार आहेत. एप्रिलचं 1,24,000 चं बिल नावे पडलं, 80,400 आधीच जमा आहेत, म्हणजे नव्या वर्षात 43,600 राहिले. बोनस, ऑडिट फी, रिजेक्शन आणि संशयित उधारी उलटवायची नाही. त्या प्रत्यक्ष चुकतं करताना तरतुदीच्या खात्यालाच नावे टाकायच्या. दिवाळीला अकाउंटंट सवयीनं बोनस खर्च निवडतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा.

टॅलीत या दोन्ही एंट्री साध्या Journal व्हाउचरमध्येच करा. तिथं Reversing Journal नावाचं व्हाउचर दिसतं आणि नावावरून वाटतं की हेच हवं होतं. ते फक्त सिनारिओ रिपोर्टपुरतं असतं, खऱ्या ताळेबंदात त्याचा परिणाम येत नाही. त्यात टाकलेल्या तरतुदी फाइल सीएंकडं गेल्यावर गायब दिसतात.

आणि भागीदारांच्या एंट्री या सगळ्यांच्या नंतर. मोबदल्याची आयकरातली मर्यादा पुस्तकी नफ्यावर ठरते: पहिल्या 6 लाखांवर 3 लाख किंवा 90 टक्के यांतलं जे जास्त, त्यापुढं 60 टक्के. नफा 5,88,007 धरून मोबदला काढला असता तर तोही चुकला असता. शिवाय 1 एप्रिल 2025 पासून कलम 194टी आलं आहे. भागीदाराला वर्षात मोबदला, व्याज मिळून 20,000 पेक्षा जास्त दिलं किंवा खात्यावर जमा केलं तर 10 टक्के टीडीएस, आणि 31 मार्चला जमा केलेल्याचा भरणा 30 एप्रिलपर्यंत. म्हणजे पक्का हिशेब जुलैत झाला तरी वरच्या आकड्यांचा कच्चा तक्ता एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तयार हवा. लाईट बिल तोवर हातात आलेलं असतं. रिजेक्शन मागच्या दोन वर्षांच्या सरासरीनं धरा, त्यावर मोबदल्याचा अंदाज काढून टीडीएस भरा, आणि जुलैत फरक निघाला तर तेवढ्याचाच उशिराचा भरणा व व्याज.